कॅनडातला अनुभव नसताना पार्ट-टाइमचा रेझ्युमे

टोरंटोला निघण्याआधी एका कन्सल्टन्सीने मला दोन पानी रेझ्युमे करून दिला होता. वर फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, खाली ‘वरील माहिती सत्य आहे’ आणि सही. तिकडेच राहणाऱ्या मावसबहिणीने परळच्या आमच्या घरी व्हिडिओ कॉल लावला, रेझ्युमे पाहिला आणि म्हणाली, “अगं, हा कॉफी शॉपसाठी आहे की स्थळासाठी?” तिकडे फोटो, वय, लग्न झालंय की नाही, यातलं काहीच लिहीत नाहीत. दोन पानांचं एक पान झालं.

खरी अडचण जाहिरातींची होती. एका कॅफेची जाहिरात ताईने वाचून दाखवली: काउंटर, शनिवार-रविवार पहाटेची शिफ्ट, कॅनडातला एक वर्षाचा अनुभव हवा. मी बंदच करणार होते. ताई म्हणाली, “तो मालक घाबरतोय कशाला, ते बघ. पहाटे येशील का, अन्न नीट हाताळशील का, आणि तुझ्याबद्दल फोन करून विचारायचं कोणाला.”

मग एकेका भीतीला एकेक ओळ दिली. कन्सल्टन्सीने आईच्या पोळीभाजी केंद्राचा उल्लेखच केला नव्हता. आता आम्ही लिहिलं: काउंटर, रोख आणि यूपीआयचा हिशेब, सकाळच्या दोन तासांत साधारण ८० पार्सलं, साडेपाचला दुकान उघडणं. गाव मुंबईच लिहिलं, लपवलं नाही. सगळ्यात वर उपलब्धतेचे वार आणि वेळा. स्टडी परमिटवर सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं, दोन नोकऱ्या धरल्या तरी एकूण तेवढेच. म्हणून जमतील तेवढेच तास लिहिले.

बाकीचं पोचल्यावर. फूड हँडलर सर्टिफिकेट काढलं. ओंटारिओत दुकान चालू असताना असं प्रशिक्षण झालेला निदान एक माणूस तिथे असावाच लागतो, त्यामुळे छोट्या दुकानाला त्याची किंमत असते. फोनचा प्रश्न फूड बँकेतल्या स्वयंसेवेने सुटला. तिथल्या को-ऑर्डिनेटरबाईंनी रेफरन्स म्हणून नाव द्यायला होकार दिला. (त्यांना आधी विचारा. न विचारता नाव दिलं तर फोन आल्यावर पंचाईत होते.)

१ जानेवारी २०२६ पासून ओंटारिओत २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला जाहिरातीत किंवा अर्जाच्या फॉर्ममध्ये कॅनडातल्या अनुभवाची अट घालता येत नाही. पण कोपऱ्यावरची बेकरी यात येतेच असं नाही, आणि अट काढली म्हणून रेफरन्स विचारणं थांबत नाही.

त्या कॅफेकडून उत्तर आलंच नाही. एका लहान बेकरीच्या मालकीणबाईंनी बोलावलं. मुंबईबद्दल त्यांनी एकच विचारलं, साडेपाचला दुकान उघडायला मी किती वाजता उठायचे. मग फूड बँकेत फोन लावला आणि पुढच्या शनिवारी ट्रायल शिफ्टला यायला सांगितलं.