नफ्यातला शॉर्ट एक्स्चेंजने परस्पर बंद केला तेव्हा

११ ऑक्टोबर २०२५ची पहाट. अमेरिकेने चिनी मालावर आणखी १०० टक्के आयातशुल्क जाहीर केलं आणि क्रिप्टो बाजार कोसळला. मी इंदूरला, रामबागेतल्या घरी, स्क्रीनसमोरच होतो. माझ्याकडे एका कॉइनचे २००० नग स्पॉटमध्ये होते आणि परपेच्युअलमध्ये, म्हणजे मुदत नसलेल्या फ्युचर्समध्ये, तेवढ्याच नगांचा शॉर्ट, म्हणजे भाव पडला की फायदा देणारा सौदा, ५ पट लिव्हरेजवर. दोन्हींचा भाव ५ डॉलर. भाव कुठेही गेला तरी एकीकडचं नुकसान दुसरीकडे भरून निघणार आणि लाँगवाले, म्हणजे भाव चढेल म्हणून सौदा करणारे, शॉर्टवाल्यांना ठराविक वेळाने देतात ते फंडिंगचे पैसे मला सुटणार, असा हिशेब.

भाव ३ डॉलरवर आला आणि शॉर्ट यादीतून गायब झाला. ट्रेड हिस्टरीत त्या सौद्यापुढे ADL, म्हणजे ऑटो-डिलिव्हरेजिंग, लिहिलेलं होतं आणि भाव होता ३.४०.

बाजारात ३ चालू असताना मला ३.४० का मिळाला? समोरच्या लाँगवाल्याचं मार्जिन ३.४०लाच संपलं होतं. त्याच्याखाली होणारा तोटा इन्शुरन्स फंडाने सोसायचा असतो. लिक्विडेशन चांगल्या भावाला झालं की उरलेल्या पैशातून हा फंड भरतो. पण बऱ्याच एक्स्चेंजवर तो कॉन्ट्रॅक्टनुसार वाटलेला असतो, त्यामुळे एकूण आकडा कितीही मोठा दिसला तरी लहान कॉइनचा वाटा पटकन आटतो. मग एक्स्चेंज तो बुडीत सौदा नफ्यातल्या माणसाशी जुळवून मिटवतं, त्याच ३.४०च्या भावाला.

म्हणजे शॉर्टवर ३२०० डॉलर मिळाले, स्पॉटवर ४००० गेले. शिवाय हातात उरलेला माल आता उघडा होता.

आमचे मामा छावणीच्या मंडीत सोयाबीनचा व्यापार करत आले. सकाळी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "अरे, एक बाजू काढून घेतली की उरतो तो सट्टा. आधी ती बाजू परत लाव." तोवर मी २.९० ला शॉर्ट पुन्हा लावलेला होता. एकूण १००० डॉलरचा फटका बसला. पुढे भाव उसळला. शॉर्ट न लावता थांबलो असतो तर तोटा कमी झाला असता. पण भावावर पैज लावायची म्हणून मी हा सौदा केलाच नव्हता.

सपोर्टकडे तक्रार केली. उत्तर आलं, नियमानुसार झालंय, भरपाई नाही. नियमांत ते खरंच लिहिलेलं आहे. मला खटकतं ते हे, की कोणाचा नफ्यातला सौदा आधी बंद करायचा याची रांग लावताना नफ्याची टक्केवारी आणि लिव्हरेज बघतात. शॉर्टच्या मागे स्पॉटचा माल उभा आहे, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही.

आता मी शॉर्टला जास्त मार्जिन देतो, खरं लिव्हरेज दोन पटीच्या आत ठेवतो. नफा फार फुगला की शॉर्ट बंद करून चालू भावाला नवा लावतो, म्हणजे टक्केवारी पुन्हा शून्यापासून सुरू होते. फी जाते, ती जाऊ दे. पोझिशनशेजारचे ADLचे पाच दिवे सगळे पेटले की नंबर रांगेत अगदी पुढे असतो. मी तिसऱ्या दिव्यालाच हात घालतो. तरीही फंड पूर्ण आटला तर मागच्यांचीही पाळी येते, म्हणून एकाच एक्स्चेंजवर सगळा शॉर्ट ठेवत नाही.