सोळावा आकडा

दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे भोसरी एमआयडीसीत सगळ्यांनाच पैसे हवे असतात. आमच्या अकाउंट्समध्ये त्या दिवशी दुपारी एका नव्या पुरवठादाराचं पेमेंट होतं. पॅकिंगची खोकी देणारे काका, रक्कम ३ लाख ४२ हजार. माल आला होता, बिल पास झालं होतं. फक्त काकांचं खातं आमच्या नेटबँकिंगमध्ये बेनिफिशिअरी म्हणून जोडायचं होतं.

आमच्याकडे हे काम दोघांत विभागलेलं आहे. ज्युनिअर मुलगा माहिती भरतो, तो मेकर. ती तपासून मंजूर करणं माझं काम, मी चेकर. काकांच्या ऑफिसातून एक्सेल शीट आली होती. त्यात फर्मचं नाव, बँक, खाते क्रमांक आणि आयएफएससी. बँक पंजाब नॅशनल. मुलाने सगळं भरून माझ्याकडे पाठवलं आणि खुर्चीमागे उभा राहिला. "मॅडम, लगेच करा ना, काकांचे तीन फोन येऊन गेलेत."

आयएफएससी मी आधी बघते, कारण तो पटकन होतो. अकरा वर्ण असतात. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचव्या जागी कायम शून्य आणि शेवटचे सहा वर्ण शाखेचे. निम्म्या चुका त्या पाचव्या जागेवर होतात, लोक शून्याऐवजी इंग्रजी ओ टाकतात. इथे तसं काही नव्हतं. PUNB0 होतं, पुढचे सहा आकडे होते, आणि रिझर्व्ह बँकेच्या यादीत तो कोड पुण्यातल्याच शाखेचा निघाला.

मग खाते क्रमांक. या बँकेचा क्रमांक सोळा आकडी असतो, तसाच होता. त्याचे पहिले चार आकडे शाखेचे असतात आणि तेच चार आकडे बहुतेक वेळा आयएफएससीतही शून्यानंतर दिसतात. तेही जुळले. बाहेरून बघता तक्रारीला जागाच नव्हती.

मात्र क्रमांक शून्यावर संपत होता. खाते क्रमांक शून्यावर संपणं यात विशेष काही नाही, दहात एखादा संपणारच. पण सोळा आकडी क्रमांक, एक्सेलमधून आलेला आणि शेवटी शून्य, असं तिन्ही एकत्र आलं की मी थांबते. एक्सेल कुठल्याही संख्येचे पंधराच आकडे लक्षात ठेवतं. सोळावा आकडा काहीही असो, त्याच्या जागी गुपचूप शून्य बसतो. साध्या सेलमध्ये सोळा आकडे टाकले की हे होतं:

```
टाइप केलं   : 1234567890123456
सेलमध्ये दिसतं: 1.23457E+15
Number केल्यावर: 1234567890123450
```

मधली ओळ बघून माणूस वैतागतो, फॉरमॅट नंबर करतो, आकडे पुन्हा नीट दिसायला लागतात आणि सगळं ठीक झालंसं वाटतं. तोवर शेवटचा आकडा गेलेला असतो.

मुलगा म्हणाला, "पण मॅडम, मी दोनदा टाइप केलाय. पोर्टल पेस्ट करूच देत नाही." ते खरंच आहे. क्रमांक दोनदा भरायला लावतात आणि पहिल्यांदा भरलेला ठिपक्यांमागे लपवतात, ते बोट चुकलं तर कळावं म्हणून. पण त्याने दोन्ही वेळा त्याच शीटमध्ये बघून भरला होता. समोरचा कागदच चुकीचा असेल तर दोनदा काय नि दहादा काय, तेच उतरणार.

मी मंजुरी न देता नाव बघण्याची सोय वापरली. १ एप्रिल २०२५ पर्यंत एनईएफटी आणि आरटीजीएससाठी ही सोय बँकांनी द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. खाते क्रमांक आणि आयएफएससी दिला की समोरच्या बँकेत त्या खात्यावर जे नाव आहे ते पडद्यावर येतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. आलेलं नाव एका कापडाच्या दुकानाचं होतं. म्हणजे खातं चालू होतं आणि त्याच शाखेतलं होतं. शेवटचा एकच आकडा वेगळा, म्हणजे काकांच्या आगेमागे उघडलेलं कुणाचं तरी खातं.

हेच मला सगळ्यात घातक वाटतं. क्रमांक अस्तित्वातच नसता तर समोरच्या बँकेने एनईएफटी परत पाठवली असती, बॅच सेटल झाल्यापासून दोन तासांत. पण इथे खातं खरं होतं. बँक पैसे जमा करते ते फक्त क्रमांकावरून. आपण भरलेलं नाव त्या वेळी कुणी ताडून बघत नाही. कापडवाल्याकडे ३ लाख ४२ हजार बिनबोभाट जमा झाले असते आणि मग त्याच्या संमतीसाठी दोन बँकांमध्ये पत्रापत्री करावी लागली असती.

काकांना फोन लावला. "काका, चेकबुक समोर घ्या आणि खाते क्रमांक वाचून दाखवा."

"अहो, पाठवलाय ना शीटमध्ये!"

"पाठवलाय, पण मला चेकवरचा हवाय."

काकांनी वाचायला सुरुवात केली, चार एक एक... मी तिथेच थांबवलं. ते चेकच्या तळाची पांढरी पट्टी वाचत होते. त्या पट्टीवर आधी चेकचा नंबर, मग नऊ आकडी एमआयसीआर कोड असतो. पुण्यातल्या बँकांचा तो ४११ ने सुरू होतो, आपल्या पिनकोडसारखाच. त्याच्यापुढचे सहा आकडेही पूर्ण खाते क्रमांक नव्हेत. "काका, खालचा नाही, वर छापलाय तो." शेवटी मी म्हटलं, चेकवर आडव्या रेघा मारून कॅन्सल्ड लिहा आणि कोपरे न कापता फोटो पाठवा.

फोटो आला. पंधरा आकडे तेच आणि सोळावा सात.

मुलाने जुनी नोंद रद्द करून चेकवरून नवी भरली. या वेळी नाव आलं ते काकांच्या फर्मचं नव्हतं, स्वतः काकांचं होतं. मुलगा पुन्हा चमकला. पण एकट्याच्या मालकीच्या धंद्यात असं होऊ शकतं. खात्यावर मालकाचं नाव आणि बिलावर दुकानाचं. पोर्टल फक्त नाव दाखवतं, जुळतं की नाही हे आपणच ठरवायचं. जीएसटी प्रमाणपत्र उघडलं. त्यावर कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव असे दोन रकाने असतात. पहिल्यात काका, दुसऱ्यात फर्म. तेव्हा मी मंजुरी दिली. कधी कधी समोरच्या बँकेकडून नाव येतच नाही, पुढे जायचं की नाही ते आपल्यावर सोडलेलं असतं. तेव्हा मी एक रुपया पाठवते आणि तो पोचल्याचं समोरच्याच्याच तोंडून ऐकते.

पैसे गेल्यावर काकांना त्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक कळवला. तासाभरात त्यांचा मेसेज आला, जमा झाले म्हणून.

संध्याकाळी मुलगा एक्सेलमधला तो रकाना टेक्स्ट करत बसला होता. मी म्हटलं, अरे, आता टेक्स्ट करून गेलेला आकडा परत येत नाही, क्रमांक नव्याने टाइप करावा लागतो. मग त्याने आमच्या पुरवठादारांच्या यादीला फिल्टर लावला, सोळा आकडे आणि शेवटी शून्य. दोन क्रमांक निघाले. दोघांचेही कॅन्सल्ड चेक फायलीतून काढले. एकाचा खरोखरच शून्यावर संपत होता. दुसऱ्याचा चारवर, आणि त्याला अजून एकही पेमेंट गेलेलं नव्हतं.