खरेदी भाव शून्य, तारीख १४ मे २०२४

ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या करसल्ल्याच्या ऑफिसात एक काकू आल्या. त्यांची घंटाळीजवळची इमारत पुनर्विकासाला गेलेली, भाड्याच्या घराची अनामत आणि सामान हलवण्याचा खर्च एकदम अंगावर आला म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी काही शेअर आणि स्वतःचा एक म्युच्युअल फंड विकला होता. शेअर मुळात काकांचे. ते गेल्यावर काकूंच्या डिमॅटमध्ये आले होते.

"अगं, ब्रोकरच्या कागदावर टॅक्स चोपन्न हजार दाखवतोय. एवढा नफा झालाच कुठे?"

ब्रोकरचा टॅक्स रिपोर्ट उघडला. ३०० शेअर, ९०० रुपये भावाने विक्री, एकूण २ लाख ७० हजार. खरेदीची तारीख १४ मे २०२४, खरेदी भाव शून्य. म्हणजे आलेली सगळी रक्कम अल्पकालीन नफा, आणि त्यावर २० टक्के. गणित बरोबर होतं, पण ज्या तारखेवर आणि भावावर ते उभं होतं, त्या दोन्ही गोष्टी चूक होत्या. १४ मे हा शेअर काकूंच्या खात्यात जमा झाल्याचा दिवस. वारसाहक्काने आलेल्या शेअरला कायदा मूळ मालकाची किंमत आणि मूळ मालकाचा धारणकाळ देतो. सॉफ्टवेअरला ट्रान्समिशनची, म्हणजे शेअर वारसाच्या खात्यात गेल्याची, नोंद दिसते, तिच्यामागचे काका दिसत नाहीत.

रिटर्नची मुदत त्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत वाढलेली होती, त्यामुळे वेळ होता. काकूंना म्हटलं, "काकांच्या जुन्या डिमॅट खात्याचं पहिल्या दिवसापासूनचं स्टेटमेंट मागवा. फक्त होल्डिंगचं नको, व्यवहारांचं हवं." अनेक जण होल्डिंगचा कागद घेऊन येतात. त्यात आज किती शेअर आहेत एवढंच असतं, ते कधी आले ते नसतं.

आठवड्याभरात स्टेटमेंट आलं, आणि पहिल्यांदा वाचताना ते भलतंच काही सांगत होतं. जुलै २०१२ मध्ये २०० शेअर जमा. २०१९ मध्ये तेच २०० खात्यातून वजा. त्याच दिवशी ४०० शेअर जमा. घाईने वाचलं तर २०१२ ची खरेदी २०१९ मध्ये विकली आणि ४०० नवे घेतले, असंच वाटेल. पण दोन्ही ओळींतले आयएसआयएन, म्हणजे शेअरचे ओळख-कोड, वेगळे होते, आणि नोंदीच्या वर्णनात कॉर्पोरेट ॲक्शन असं लिहिलं होतं. हा स्प्लिट होता, म्हणजे एका शेअरचे दोन केलेले. दर्शनी मूल्य बदललं की शेअरचा आयएसआयएन बदलतो, म्हणून जुना कोड रिकामा होऊन नव्या कोडखाली दुप्पट शेअर दिसतात. कंपनीच्या जाहीर माहितीत तारीख ताडून पाहिली, जुळली. स्प्लिटने खरेदीची तारीख हलत नाही, फक्त किंमत वाटली जाते. बोनस असता तर हिशोब वेगळा झाला असता: बोनस शेअरची किंमत शून्य धरतात आणि धारणकाळ वाटपाच्या दिवसापासून मोजतात. म्हणून संख्या दुप्पट झालेली दिसली की आधी हे दुप्पट कशाने झालं ते शोधायचं.

आता किंमत. डिमॅट स्टेटमेंटमध्ये तारीख आणि संख्या मिळते, खरेदीचा भाव नसतो. २०१२ ची कॉन्ट्रॅक्ट नोट घरात सापडली नाही. पण काकांचं बँक पासबुक होतं, आणि त्यात त्याच आठवड्यात ब्रोकरच्या नावे ५०,३४० रुपये गेलेले. २०० शेअरचे २५० च्या आसपास भावाने पन्नास हजार, वर दलाली वगैरे. त्या दिवसाच्या बाजारभावाशी मेळ बसला. स्प्लिटनंतर शेअरमागे १२५ रुपये ८५ पैसे.

मग ३१ जानेवारी २०१८. त्या दिवसापर्यंत घेतलेल्या लिस्टेड शेअरला त्या दिवसाचा सर्वांत वरचा भाव किमतीसाठी वापरता येतो, एका मर्यादेत. एक्सेलमध्ये आम्ही हे असं लिहितो:

```
=MAX(cost, MIN(fmv, sale))
```

त्या दिवशीचा वरचा भाव, म्हणजे fmv, होता १,००० रुपये. इथे एक सापळा आहे आणि तो करदात्याच्या सोयीचा असल्यामुळे सहज निसटतो. १,००० जसेच्या तसे टाकले तर १,००० आणि ९०० मधले कमी ते ९००, म्हणजे किंमत ९०० आणि नफा शून्य. काकूंना आवडलं असतं, पण तो १,००० स्प्लिटआधीच्या एका शेअरचा भाव आहे आणि विकलेला शेअर त्याचा अर्धा. खरा आकडा ५००. किंमत ५००, नफा शेअरमागे ४००, तीनशे शेअरवर १ लाख २० हजार. दीर्घकालीन.

या हिशोबात पासबुकातली नोंद मिळाली नसती तरी नफा बदलला नसता, कारण खरी किंमत ५०० पेक्षा कमी असली की ५०० च धरली जाते. निर्णायक होती ती २०१२ ची तारीख. रिटर्नमध्ये दीर्घकालीन नफ्याच्या ११२ए तक्त्यात मूळ किंमतही भरायची होती, म्हणून पासबुकाचं पान जपून ठेवलं.

म्युच्युअल फंडाचं काम मला सोपं वाटलं होतं. काकूंची एप्रिल २०२१ पासूनची दर महिन्याच्या १५ तारखेची ३,००० ची एसआयपी, फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स आणि केफिनटेकचं एकत्रित स्टेटमेंट ईमेलवर आलेलं. पीडीएफमधून एक्सेलमध्ये ओळी आणल्या. प्रत्येक हप्त्याखाली मुद्रांक शुल्काची वेगळी ओळ असते: २,९९९.८५ गुंतवणूक, ०.१५ शुल्क. ती गाळायची नाही, किमतीत मिळवायची.

दर ओळीत मागची शिल्लक अधिक युनिट म्हणजे पुढची शिल्लक, हे मी तपासतेच. एका ठिकाणी तुटलं: पान बदलताना एक हप्ता एक्सेलमध्ये आलाच नव्हता. तो भरला. पण ऑगस्ट २०२२ ची गोष्ट या तपासणीला सापडणारी नव्हती. तिथे हप्ता बँकेतून परत गेला होता. आधी खरेदीची ओळ, चार दिवसांनी तितकीच युनिट कंसात, म्हणजे वजा. शिल्लक चोख जुळते. पण ती वजा ओळ विक्री समजली तर फिफोने, म्हणजे आधी घेतलेलं आधी विकलं या नियमाने, ती एप्रिल २०२१ ची युनिट खाते आणि पुढची सगळी रांग एक घर सरकते. वर्णनाचा रकाना वाचला तरच कळतं की हे रिव्हर्सल आहे. दोन्ही ओळी एकत्र काढून टाकल्या.

१० डिसेंबर २०२४ ला सगळी युनिट विकली. डिसेंबर २०२३ पासूनचे बारा हप्ते वर्षाच्या आतले, त्यावर नफा २,६००. बाकीच्यांवर ३१,४००.

दीर्घकालीन एकूण १,५१,४००, त्यातले सव्वा लाख करमुक्त, उरलेल्या २६,४०० वर साडेबारा टक्क्यांनी ३,३००. अल्पकालीनवर ५२०. काकूंचं इतर उत्पन्न सात लाखांच्या पुढे होतं, त्यामुळे कमी उत्पन्नाला मिळणाऱ्या करसवलतीचा प्रश्न नव्हता. सेस धरून ३,९७३ रुपये.

काकूंनी दोनदा आकडा वाचला. "मग ब्रोकरचा कागद खोटा?"

"खोटा नाही काकू, त्याला काकांची खरेदी माहीतच नव्हती."

उरलेले १०० शेअर अजून त्यांच्या खात्यात आहेत. एका कागदावर खरेदीचा महिना, १२५.८५, ५०० आणि दोन्ही आयएसआयएन लिहून, सोबत काकांच्या डिमॅट स्टेटमेंटची प्रत जोडून दिली. पुढे विकतील तेव्हा त्यांना पुन्हा काकांच्या बँकेत जायला नको.