अमायलेज वाढलंय, पण कितीपट आणि कधी?

*"काल रात्रीपासून पोट दुखायलंय म्हणून रक्त तपासलं. रिपोर्टात अमायलेज वाढलंय म्हणे. मग पॅनक्रियाला सूज आली म्हणायची का?"*

नुसत्या त्या आकड्यावरून नाही म्हणायची. अमायलेज आणि लायपेज ही पॅनक्रियात, म्हणजे स्वादुपिंडात, तयार होणारी पाचक द्रव्यं. आधी रिपोर्ट हातात घ्या आणि आकड्याशेजारी छापलेली नॉर्मलची वरची मर्यादा बघा. समजा अमायलेज 180 आहे आणि लॅबची मर्यादा 110 आहे. आकडा लाल अक्षरात छापून येईल, शेजारी वर जाणारा बाणही असेल, पण स्वादुपिंडाच्या सुजेचा शिक्का मारायला एवढं पुरत नाही. डॉक्टर मंडळी जी कसोटी लावतात तिच्यात तीन गोष्टी आहेत. पहिली, पोटाच्या वरच्या भागात अचानक सुरू होऊन टिकून राहणारी, बहुतेकदा पाठीत जाणारी कळ. दुसरी, अमायलेज किंवा लायपेज वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त. तिसरी, सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये दिसणारी सूज. या तिन्हींपैकी दोन जुळल्या तर निदान. म्हणजे 110 मर्यादा असेल तर आकडा 330 च्या घरात गेल्याशिवाय रक्ताची साक्ष धरायची नाही.

तिप्पट नेमकी कशाची, हे आपल्याकडे हमखास चुकतं. लायपेजची वरची मर्यादा यंत्राप्रमाणे आणि पद्धतीप्रमाणे बदलते. एका लॅबला ती 60 असते, दुसरीला दीडशेच्या पुढे. अक्कलकोटला किंवा बार्शीला पहिली तपासणी होते, मग पेशंट सोलापुरात येतो आणि इथं दुसऱ्या लॅबमध्ये रक्त जातं. तिथलं 400 इथं 170 होतं आणि नातेवाईक म्हणतात, "उतरलं की!" काही उतरलेलं नसतं. तिथली मर्यादा 160 आणि इथली 60 असेल, तर तिथं ते अडीचपट होतं आणि इथं जवळपास तिप्पट आहे. दोन लॅबचे आकडे एकाखाली एक लिहून तुलना करू नका. आकड्याला त्याच रिपोर्टातल्या मर्यादेनं भागा आणि जे पट येतात ते बघा.

दुसरा प्रश्न वेळेचा. दुखणं सुरू झाल्यावर अमायलेज साधारण सहा ते बारा तासांत चढतं आणि तीन ते पाच दिवसांत परत नॉर्मलला येतं. लायपेज थोडं आधी चढतं आणि आठ ते चौदा दिवस वर राहतं. रात्री दोनला कळ आली आणि तीनला रक्त घेतलं, तर दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. उलट बाजूनं, गावात चार दिवस गोळ्या आणि सलाईनवर काढून पाचव्या दिवशी शहरात आलेल्या माणसाचं अमायलेज नॉर्मल आलं, तर "पॅनक्रियाचं काही नाही" असं म्हणता येत नाही. तिथं लायपेजच बघायला हवं. लॅबच्या फॉर्मवर तपासणीच्या नावाशेजारी "दुखणं सुरू झालं तेव्हापासून इतके तास" एवढं लिहिलं, तरी रिपोर्ट वाचणाऱ्याचं निम्मं काम होतं. कुणी लिहीत नाही ही गोष्ट वेगळी.

दोन्हींत एकच निवडायची तर लायपेज. अमायलेज फक्त स्वादुपिंडात तयार होत नाही, लाळेच्या ग्रंथींतही होतं. म्हणून गालगुंडात ते वाढतं आणि पुष्कळ दारू पिणाऱ्या, उलट्या करणाऱ्या माणसातही लाळेचं अमायलेज वाढलेलं सापडतं. गर्भनलिकेतही ते असतं, त्यामुळे नळीत गर्भ राहून फुटला तरी चढू शकतं. पाळी चुकलेल्या बाईचं पोट दुखत असेल, तर अमायलेजच्या आधी लघवीची गर्भतपासणी हवी. लायपेज बहुतांशी स्वादुपिंडाचंच, पण तेही पूर्ण सोवळं नाही. किडनी अधू असेल तर दोन्ही रक्तात साचतात. मधुमेहात लायपेज कारण नसताना थोडं वर असू शकतं आणि वजन-साखरेच्या नव्या इंजेक्शनांवर असलेल्यांचंही पोटात काहीही दुखत नसताना वर येतं.

आता मोठी फसगत कुठं होते ते बघू. एक माणूस समजा. वय पंचेचाळीस, कारखान्यात दोन पाळ्या मागावर उभा. गुडघे दुखतात म्हणून दोन महिने मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक रोज दोनदा, बऱ्याचदा सकाळी नुसत्या चहावर. पहाटे दोनला बेंबीच्या वर कळ आली. "दोन वाजून दहा मिनिटं" असं घड्याळ बघून सांगता येईल इतकी अचानक. आठ वाजता रक्त दिलं. अमायलेज 285, मर्यादा 110. लायपेज 140, मर्यादा 60. भागाकार केला तर 2.6 पट आणि 2.3 पट. दोन्ही वर आहेत, दुखणं वरच्या पोटात आहे, कधीमधी शिंदी घेतो असंही घरचे सांगतात. स्वादुपिंडाची सूज म्हणून सलाईन लावून ठेवायचा मोह इथंच होतो.

पण हा माणूस निपचित पडून आहे. हललं की दुखतं म्हणून श्वाससुद्धा वरवर घेतोय. स्वादुपिंडाच्या सुजेचा पेशंट बहुतेकदा असा पडून राहत नाही. तो कूस बदलतो, उठतो, पुढं वाकून बसला की त्याला जरा बरं वाटतं. या माणसाच्या पोटावर हात ठेवला तर ते फळीसारखं कडक लागतं. उजव्या फासळ्यांवर बोटानं ठोकलं तर यकृतामुळे जिथं दबका आवाज यायला हवा, तिथं पोकळ आवाज येतो, कारण मध्ये हवा शिरलीय. दोन महिन्यांच्या त्या वेदनाशामक गोळ्यांनी झालेला जठराचा किंवा त्यापुढच्या आतड्याचा अल्सर फुटला आहे.

मग अमायलेज का वाढलं? स्वादुपिंडाचा रस आतड्यात जातोच. भोक पडल्यावर तो रस पोटाच्या पोकळीत सांडतो, पोटाचं अस्तर तो शोषून घेतं आणि तो रक्तात येतो. स्वादुपिंड स्वतः धडधाकट असू शकतं. आतडं अडकलं किंवा आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, तरी आतड्याच्या कमकुवत झालेल्या भिंतीतून हा रस असाच रक्तापर्यंत पोचतो. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या म्हाताऱ्या माणसाला पोटात असह्य कळ आहे, पण हाताला पोट मऊच लागतंय, असं असेल तर रक्तपुरवठा तुटल्याचा हा धोका डोक्यात ठेवायचा.

या पेशंटचा पुढचा कागद म्हणजे उभ्यानं काढलेला छातीचा एक्स-रे. पोटाचा नाही, छातीचा, कारण बघायचं असतं श्वासपटलाखाली. उभं राहवत नसेल तर टेकून सरळ बसवायचं आणि पाच-दहा मिनिटं तसंच ठेवून मग काढायचा, म्हणजे हवा वर चढते. उजव्या बाजूला यकृताच्या वर हवेची काळी चंद्रकोर दिसली की निदान झालं. डावीकडं जठरातली हवा नेहमीच दिसते, तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. आणि चंद्रकोर दिसली नाही म्हणून भोक नाही असंही नाही. फुटलेल्या अल्सरांत काहींच्या एक्स-रेवर हवा दिसतच नाही. पोट कडक असेल आणि एक्स-रे साफ असेल, तर सीटी.

फरक इतका महत्त्वाचा का? स्वादुपिंडाच्या सुजेत सुरुवातीला पोट उघडत नाहीत. सलाईन, वेदनाशामक आणि नजर ठेवणं, एवढंच चालतं. अल्सर फुटला असेल तर भोकावर ओमेंटम म्हणजे पोटातल्या चरबीच्या पदराचं ठिगळ टाकून पोट धुवावं लागतं, आणि जितका उशीर तितका पू आणि विष पसरतं. 2.6 पट या आकड्यावर विसंबून सकाळ ते संध्याकाळ घालवली, तर तेवढे तास हातचे गेले. फुटलेल्या अल्सरमध्ये अमायलेज क्वचित तिपटीवरही जातं. म्हणून पट मोजूनसुद्धा पोटावर हात ठेवायचाच. आणि चाळिशीपुढच्या माणसाचा ईसीजी आधी काढायचा, हृदयाच्या खालच्या भागाचा झटकाही वरच्या पोटात दुखतो.

उलटी फसगतही सांगतो, कारण ती लॅबच्या टेबलावर दिसते आणि तिथंच निसटते. रक्तातलं ट्रायग्लिसराइड 1000 च्या पुढं गेलं तर त्यानंच स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मधुमेह बिघडलेला आणि दारू चालू असलेल्यांत हे विशेष. अशा रक्ताची नळी फिरवून ठेवली की वरचं पाणी दुधासारखं दिसतं. हा दुधाळपणा अमायलेजच्या तपासणीत अडथळा आणतो आणि आकडा खोटाच नॉर्मल येऊ शकतो. सीरम सलाईननं पातळ करून पुन्हा चालवलं, तर खरा आकडा वर येतो. तंत्रज्ञानं रिपोर्टवर "सीरम दुधाळ" असं लिहायलाच हवं. आणि डॉक्टरांनी ट्रायग्लिसराइड त्याच पहिल्या नमुन्यात मागवायला हवं. पेशंट उपाशी राहिला की एक-दोन दिवसांत ते झपाट्यानं उतरतं आणि मग कारण शोधताना हाती काहीच लागत नाही.

जुन्या, वर्षानुवर्षं दारूनं झिजलेल्या स्वादुपिंडात दुखणं खरं असतं आणि आकडा नॉर्मल. रस बनवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात, मग वाढणार काय?

निदान झाल्यावर रोज अमायलेज मागवणं हे मात्र सरळ पैशाचं नुकसान. आकडा किती मोठा यावरून आजार किती गंभीर हे कळत नाही. पित्ताशयातला खडा सरकून गेल्यानं सूज आलेल्या माणसाचं लायपेज काही हजारांत जाऊन तो चार दिवसांत घरी जातो, आणि दारूमुळे सूज आलेला माणूस साडेतीन पटीवर अतिदक्षता विभागात असतो. गंभीरपणा बघायचा तो लघवी तासाला किती होते, श्वास किती जलद आहे, रक्तातलं युरिया चढतंय का, यावरून. खड्याचा संशय असेल तर पहिल्या दिवशीच यकृताचं एएलटी मागवा. पहिल्या दोन दिवसांत ते 150 च्या वर असेल, तर पित्ताशयातला खडा हे कारण असण्याची शक्यता खूप वाढते. मग त्या पैशात सोनोग्राफी करून घ्या.

आणि पोटात काहीच दुखत नाही, पण हेल्थ चेकअपमध्ये अमायलेज दोनपट आलं, लायपेज नॉर्मल आणि किडनी ठीक असेल, तर एकदा लघवीतलं अमायलेज बघायला सांगा. काहींच्या रक्तात अमायलेज प्रतिपिंडांना चिकटून मोठं होतं, किडनीच्या चाळणीतून जात नाही आणि रक्तातच फिरत राहतं. रक्तात जास्त, लघवीत कमी, असं आलं की हेच समजायचं. त्यावर औषध नाही, लागतही नाही. पण फाइलमध्ये ठळक लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी साधं पित्त झालं तरी कुणीतरी तो आकडा बघून भरती करून घेईल.