क्रिएटिन लॉग: सहावा स्प्रिंट पहिल्याच्या किती जवळ येतो?

लोडिंग संपलं, आता रोजच्या ५ ग्रॅमवर आहे. पहिले आकडे हाती आले आहेत, तेव्हा सविस्तर लिहितो. मी वेगवान गोलंदाजी करतो आणि मला एकच गोष्ट तपासायची होती: पहिला स्प्रिंट नाही, सहावा.

कारण क्रिएटिनचं खरं काम दोन स्प्रिंटच्या मधल्या विश्रांतीत चालतं. स्नायू एटीपीवर चालतो, पण साठवलेला एटीपी जेमतेम दोन-तीन सेकंद पुरेल एवढाच असतो. तो वापरला जात असतानाच फॉस्फोक्रिएटिन आपला फॉस्फेट देऊन एटीपी पुन्हा तयार करतं. सहा सेकंदांच्या जोरदार स्प्रिंटमध्ये साधारण निम्मी ऊर्जा इथूनच येते. हा साठा भरायला मात्र वेळ लागतो. निम्मा भरायला अर्धा ते एक मिनिट, जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. शिवाय भरण्यासाठी ऑक्सिजन लागतो, म्हणून ज्याचा दम चांगला त्याचा साठा लवकर भरतो. क्रिएटिन घेतल्यावर स्नायूतलं एकूण क्रिएटिन सरासरी २० टक्क्यांच्या आसपास वाढतं, म्हणजे सुरुवातीची शिल्लक मोठी होते आणि विश्रांतीत भरणंही थोडं वेगाने होतं.

आता षटक डोळ्यासमोर आणा. रनअप तीन-चार सेकंदांचा, मग चालत मागे जायला अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त. साठा अर्धवट भरतो तोच पुढचा चेंडू. दुसऱ्या टोकाचं षटक सुरू असताना मात्र चांगली तीन-चार मिनिटं मिळतात आणि बराचसा साठा परत येतो. त्यामुळे फायदा दिसलाच तर तो षटकातल्या शेवटच्या चेंडूंत दिसायला हवा. फुटबॉलवाल्यांना विश्रांतीची वेळ ठरवता येत नाही. प्रेसिंग करताना दहा सेकंदांत दुसरी धाव घ्यावी लागते, तेव्हा साठ्यावरचा ताण आणखी मोठा.

म्हणून चाचणी अशी ठेवली: ३० मीटर, सहा वेळा, मध्ये २५ सेकंद. वेळ स्टॉपवॉचने घेतली नाही. हाताने दाबताना एक-दोन दशांश सेकंद सहज इकडेतिकडे होतात आणि आपला सगळा फरक त्यातच बुडतो. फोन स्टँडवर ठेवून ६० फ्रेमचा व्हिडिओ काढला आणि फ्रेम मोजल्या.

क्रिएटिनच्या आधी: ४.५२, ४.५८, ४.६७, ४.७८, ४.८६, ४.९३. बेरीज २८.३४. सहाही स्प्रिंट पहिल्यासारखे झाले असते तर २७.१२ झाली असती. घट ४.५ टक्के.

आता: ४.५१, ४.५५, ४.६१, ४.६९, ४.७५, ४.८०. बेरीज २७.९१, आदर्श २७.०६. घट ३.१ टक्के.

पहिल्या स्प्रिंटमधला शंभरावा भाग मी फरक धरतच नाही. सहाव्यातले तेरा मात्र फ्रेममध्ये स्पष्ट दिसतात. ही टक्केवारी एका बाबतीत फसवते: पहिला स्प्रिंट राखून पळालात तर घट आपोआप कमी दिसते. म्हणून आधी पहिली वेळ तेवढीच आहे का ते बघा, मगच टक्क्यांवर विश्वास ठेवा. सगळं श्रेय पावडरला देता येणार नाही हेही मान्य. याच काळात सरावही चालू होता आणि काय घेतोय ते मला माहीत होतं.

डोस साधा आहे. लोडिंगसाठी ५ ग्रॅम, दिवसातून चारदा, पाच दिवस, जेवणाबरोबर. मोनोहायड्रेटच, महागडे प्रकार नाहीत. घाई नसेल तर रोज ३ ग्रॅम घेऊन साधारण चार आठवड्यांत तिथेच पोहोचता येतं, आणि एकदम २० ग्रॅमने पोट बिघडणाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवेन. लोडिंगमध्ये माझं वजन किलोभर वाढलं. हे मुख्यतः पाणी. १०० मीटरच्या धावपटूने इथे विचार करावा: शर्यतीत एकच धाव असते, तिथे हे किलो सोबत न्यावं लागतं. त्याचा फायदा सरावात, कमी विश्रांतीच्या रिपीट्समध्ये. रिपीट्समध्ये पाच मिनिटं बसत असाल तर साठा तसाही भरलेला असतो, फरक शोधूनही सापडणार नाही.

काहींना फरक जाणवतच नाही. ज्यांच्या स्नायूंत आधीच भरपूर क्रिएटिन आहे त्यांच्यात वाढीला जागा कमी असते. शाकाहारींची पातळी सहसा कमी असते, त्यांना फायदा जास्त मिळण्याची शक्यता. रक्ततपासणी करणार असाल तर डॉक्टरांना क्रिएटिनबद्दल आधी सांगा, क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दिसू शकतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

पुढची चाचणी नेटमध्ये: सलग षटकं, प्रत्येक चेंडूचा वेग रडारवर, आणि पहिल्या व सहाव्या चेंडूतला फरक. मधली चाल घड्याळ लावून ३५ सेकंदांचीच ठेवणार आहे, नाहीतर थकल्यावर पावलं आपोआप मंदावतात आणि विश्रांती वाढते.