नऊ हजारांचा फरक आणि पाचशेच्या नोटांचा स्तंभ

एका सहकारी बँकेच्या तालुक्यातील शाखेत लेखापाल म्हणून रुजू झाल्यानंतर माझ्यापुढे आलेली पहिली मोठी तक्रार रोख भरण्याची होती. जवळच्या गावातील दूध संस्थेच्या सचिवांनी महिन्याच्या ६ तारखेला, म्हणजे मी शाखेत येण्यापूर्वी, संस्थेच्या बचत खात्यात १,४३,६०० रुपये भरले होते. त्यानंतर काही दिवसांनी पासबुक छापून घेतले, तेव्हा त्या तारखेच्या ओळीत १,३४,६०० रुपये जमा दिसत होते. त्यांच्याजवळच्या काउंटरफॉइलवर रोखपालाची सही आणि 'रोख स्वीकारली' हा शिक्का होता. अंकी आणि अक्षरी रक्कम जुळत होती. सचिव वयस्कर आणि शांत स्वभावाचे होते. "साहेब, पैसे संस्थेचे आहेत, दूधवाल्यांना मला उत्तर द्यावं लागेल," एवढेच ते म्हणाले.

फरक ९,००० रुपयांचा होता आणि त्याला नऊने पूर्ण भाग जात होता. शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले, की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. त्रेचाळीसचे चौतीस झाले असावे, हे पाहताक्षणीच सुचते. मात्र नऊने भाग जाणे ही केवळ खूण आहे, पुरावा नव्हे. पाचशेच्या अठरा नोटा कमी आल्या असत्या, तरी फरक तेवढाच दिसला असता.

म्हणून आधी त्या दिवसाच्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यातून मूळ भरणा स्लिप काढली. तिच्यावरील नोटांचा तपशील असा होता: पाचशेच्या २१२, दोनशेच्या ८६, शंभराच्या १७४, पन्नासच्या ४० आणि वीसच्या ५०. प्रत्येक ओळीचा गुणाकार मी पुन्हा केला. १,०६,०००, १७,२००, १७,४००, २,००० आणि १,००० मिळून बेरीज १,४३,६०० येते. प्रत्येक ओळीपुढे रोखपालाची लाल खूण होती. शंभराच्या ओळीत सचिवांनी १७५ लिहिले होते. ते खोडून रोखपालाने १७४ केले होते आणि एकूण रक्कमही शंभराने कमी केली होती. दोन्ही ठिकाणी दोघांच्या सह्या होत्या. दोन वेगळ्या नोटांचे तुकडे जोडलेली एक नोट परत दिल्याचे सचिवांनाही आठवत होते. स्वच्छ स्लिपेपेक्षा अशी दुरुस्त केलेली स्लिप मला अधिक विश्वासाची वाटते, कारण नोटा खरोखर मोजल्या गेल्याशिवाय अशी दुरुस्ती होत नाही.

आता प्रश्न असा होता, की १,४३,६०० रुपये घेऊन १,३४,६०० ची नोंद झाली असेल, तर त्या सायंकाळी पेटीत ९,००० रुपये जास्त निघायला हवे होते. रोख पुस्तकात तर 'रोख जुळली' असे लिहिलेले होते. ही जुळणी कशी झाली, ते कोणाची हे न ठरलेली रक्कम तात्पुरती ठेवण्याचे अनामत खाते पाहिल्यावर कळले. सायंकाळी ९,००० रुपये खरोखरच जास्त निघाले होते आणि नियमाप्रमाणे ते 'जादा रोख' म्हणून अनामतीत जमा केले होते. त्यानंतर पुस्तक जुळले. जास्तीची रक्कम कोणाची, हे शोधण्यासाठी त्याच सायंकाळी प्रत्येक स्लिप संगणकातील नोंदीशी ताडून पाहणे हे काम तेवढे राहिले होते.

प्रकरण येथेच संपले असते, पण त्या रकमेवर आणखी एक दावा होता. बाजारपेठेतील एका व्यापाऱ्याने दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला होता, की आदल्या दिवशीच्या भरण्यात आपल्याकडून 'नऊ-दहा हजार' जास्त गेले असावेत. त्यांचा भरणा संपूर्ण पाचशेच्या नोटांचा होता. अनामतीतील आकडा त्यांच्या अंदाजाशी जुळत असल्याने ती रक्कम त्यांना देण्याचा विचार शाखेत चालू होता.

अशा वेळी एकूण रकमेवरून निर्णय होऊ शकत नाही. दूध संस्थेने ९,००० कमी दिले आणि व्यापाऱ्याने तेवढेच जास्त दिले, असे मानले तरी पेटीतील एकूण रोख तेवढीच राहते. निर्णय होतो तो नोटांच्या प्रकारांवरून. शाखेत रक्कम देतानाही चेकच्या किंवा पैसे काढण्याच्या स्लिपेच्या मागे नोटांचा तपशील लिहिण्याची शिस्त होती, हे आमचे नशीब. सकाळची शिल्लक, त्यात दिवसभराच्या स्लिपांप्रमाणे आलेल्या नोटा, त्यांतून दिलेल्या नोटा वजा, असा प्रत्येक मूल्याचा स्वतंत्र स्तंभ मी मांडला.

पाचशेच्या नोटा सकाळी ६४० होत्या, दिवसभरात १,११८ आल्या आणि ९०३ गेल्या. उरायला हव्यात ८५५, आणि रोख पुस्तकातील सायंकाळच्या तपशिलात ८५५च होत्या. व्यापाऱ्याकडून अठरा नोटा जास्त आल्या असत्या, तर तेथे ८७३ दिसल्या असत्या. दूध संस्थेच्या नोटांतच नेमक्या अठरा कमी असतील, तरच ८५५ हा आकडा व्यापाऱ्याच्या दाव्याशी जुळला असता. म्हणजे एकाच रोखपालाने एका ठिकाणी अठरा जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी अठराच कमी मोजल्या, असे मानावे लागले असते. दोनशेचा आणि वीसचा स्तंभही जुळला. शंभराच्या दहा नोटा कमी आणि पन्नासच्या वीस नोटा जास्त निघाल्या. दोन्हींची किंमत हजार रुपये. कोणीतरी पन्नासच्या नोटा देऊन शंभराच्या घेतल्या असणार, आणि अशा अदलाबदलीची स्लिप नसते. ही या पद्धतीची मर्यादा आहे. अशा अदलाबदली फार झाल्या असतील, तर स्तंभ काहीच सांगत नाहीत.

नोंद चुकली कशी, तेही पाहिले. आमच्या प्रणालीत भरण्याच्या पडद्यावर नोटांचा तपशील भरण्याची सोय होती, पण ती ऐच्छिक होती आणि रांग असली, की रोखपाल फक्त एकूण रक्कम टाकत. तपशील भरला असता, तर त्याची बेरीज आणि टाकलेली रक्कम यांतला फरक तेथेच अडला असता. मोठ्या रकमेला दुसऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. तीही स्लिप हातात न घेता पडद्यावरील आकड्यालाच दिली गेली होती. मंजुरीचा अर्थ जर पडद्यावरचे वाचणे एवढाच असेल, तर दुसऱ्या माणसाची गरज काय, असे मला आजही वाटते.

१८ तारखेला अनामत खात्यात नावे टाकून संस्थेच्या खात्यात ९,००० रुपये जमा केले आणि त्या नोंदीला ६ तारखेचाच मूल्यदिनांक दिला, म्हणजे व्याजासाठी रक्कम त्या दिवसापासूनच जमा धरली. बचत खात्यावर व्याज दररोजच्या शिल्लकेवर मोजले जाते. तीन टक्क्यांच्या दराने बारा दिवसांचे ते नऊ रुपयेही होत नव्हते, पण खातेदाराच्या बाजूने ते बरोबर असायला हवे होते. व्यापाऱ्यांना बोलावून पाचशेचा स्तंभ समोर ठेवला. त्यांनी तो दोनदा तपासला, दुकानाची वही पुन्हा पाहतो म्हणाले आणि अर्ज मागे घेतला.

एक गोष्ट मात्र उरली होती. पैसे जमा झाल्याचा संदेश ६ तारखेलाच गेला होता, त्यात रक्कमही १,३४,६०० अशीच होती. फक्त तो संस्थेच्या माजी अध्यक्षांच्या मोबाइलवर गेला होता. सचिवांकडून मोबाइल क्रमांक बदलण्याचा अर्ज आणि संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत घेतली, आणि नवी ओळ छापलेले पासबुक त्यांच्या हाती दिले.