प्रूफमध्ये बदललेला एक शब्द

दुकानाला 60 वर्षं झाली म्हणून पेपरात आभाराचा मजकूर द्यायचं ठरवलं. वडिलांच्या काळापासून तीन-तीन पिढ्या आमच्याकडे शिवून घेतात, त्यांना कळायला नको? जागा जेमतेम होती, त्यामुळे चार वाक्यांत सगळं बसवलं. त्यातलं एक माझं फार आवडतं होतं: "नातवाच्याही कामी येईल एवढी माया सोडून आम्ही शिवत आलो."

संध्याकाळी प्रूफ आलं, त्यात होतं: "आम्ही मायेने शिवत आलो." मी लगेच फोन केला. जाहिरात विभागातला मुलगा म्हणाला, "काका, माया सोडून म्हणजे प्रेम सोडून असं वाटतं हो." शिवणीच्या आत जादा ठेवलेल्या कापडाला माया म्हणतात, हे मी त्याला दोनदा सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण सकाळी "मायेने"च छापून आलं. लिहिणाऱ्याला विचारून बदल करायला हवा होता, असं मला अजूनही वाटतं.

त्याच दिवशी दुपारी एक तरुण आजोबांची लोकरी पँट घेऊन आला. वडिलांच्या हातची ती मी बघताक्षणी ओळखली. कमरेचा पट्टा मागे मधोमध जोडलेला होता. तयार पँटीत तो बऱ्याचदा अखंड असतो, मग आतून कितीही कापड असलं तरी कंबर वाढवताना अडतं. मी पँट उलटी केली. मागच्या मधल्या शिवणीला वडील कमरेपाशी दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवत आणि खाली बैठकीच्या वळणाकडे ती कमी करत नेत. तिथे जास्त ठेवली तर कापड खेचतं.

पहिली कंबर 32 होती. मुलासाठी कधीतरी अर्धा-अर्धा इंच सोडून ती 33 केलेली, जुन्या टाक्यांची रेघ आत तशीच होती. नातवाला 34 हवी होती. म्हणजे पुन्हा अर्धा-अर्धा इंच.

शिवण उसवून ओल्या फडक्यावरून इस्त्री केली. लोकर फुगून सुईची भोकं जवळजवळ मिटली. पण आत राहिलेलं कापड उन्हाने विटलेलं नव्हतं, त्यामुळे मधोमध गडद पट्टा दिसू लागला. तो जाणार नाही, हे मी त्याला शिवण घालण्याआधीच दाखवलं.

तो पट्ट्यावरून बोट फिरवत म्हणाला, "राहू दे. शिवा."

शिवली. मापाच्या वहीत आजोबांच्या नावाखाली 34 लिहिलं आणि पुढे नोंद केली: आत अर्धा इंच उरली आहे, यापुढे सोडता येणार नाही.